टीमवर वसकन ओरडणाऱ्या टीम लीडरसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीम सांभाळतो. सुरुवातीची काही वर्षं माझ्याबद्दल ऑफिसात एक वाक्य फिरायचं, "माणूस चांगला आहे, पण रिलीजच्या आठवड्यात जवळ जाऊ नका." हे वाक्य माझ्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचलं. मग काही महिने समुपदेशकाकडे गेलो, नोंदी ठेवल्या, माफ्या मागितल्या. त्यातल्या पहिल्या दोन-तीन माफ्या इतक्या वाईट होत्या की न मागितलेल्या बऱ्या. नव्याने टीम लीडर झालेली मंडळी याबद्दल मला जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

मी शिव्या देत नाही, कुणाचा अपमान करत नाही. कामाच्या ताणात आवाज चढतो इतकंच. त्याने असं काय बिघडतं?

लोक दुखावले जातात हे खरंच आहे, पण ते दिसतं तरी. खरं नुकसान दिसत नाही. वाईट बातमी तुमच्यापर्यंत उशिरा पोचायला लागते. माझ्या बाबतीत हे कसं झालं ते सविस्तर सांगतो, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच प्रसंग येणार आहे.

गुरुवारची संध्याकाळ. शुक्रवारी सकाळी ११ वाजता ग्राहकाला नवी आवृत्ती द्यायची होती. कॉलवर आम्ही सात जण. ६:४० ला टेस्टिंग करणारी सहकारी चाचरत म्हणाली, "सर, एक छोटासा इश्यू दिसतोय." मी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "हे आत्ता सांगतेस? दोन दिवस काय करत होतीस?" कॉलवर शांतता पसरली. मग कुणीतरी विषय पुढे नेला, इश्यू पन्नास मिनिटांत सुटला, आवृत्ती वेळेवर गेली. मी तो प्रसंग विसरूनही गेलो.

तीन आठवड्यांनी एका डेव्हलपरच्या हातून टेस्ट सर्व्हरवरचा डेटा चुकून पुसला गेला. त्याला हे सोमवारी सकाळी कळलं, मला कळलं बुधवारी दुपारी. मधले दोन दिवस तो रात्री जागून तो डेटा एकट्याने परत आणायचा प्रयत्न करत होता. आमच्याकडे ४८ तासांचा बॅकअप राहायचा. सोमवारी सांगितलं असतं तर तासाभराचं काम होतं. बुधवारपर्यंत जुना बॅकअप नव्याखाली गाडला गेला होता, आणि तीन जणांना दीड दिवस बसून तो डेटा पुन्हा तयार करावा लागला. सांगितलं का नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, "त्या गुरुवारचा कॉल आठवला. म्हटलं, आधी स्वतः निस्तरून बघू."

मी त्याच्यावर कधीच ओरडलो नव्हतो. तो फक्त कॉलवर हजर होता.

हा काही माझ्या टीमचाच स्वभाव नव्हे. इस्राएलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ टीमवर झालेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. सराव म्हणून रचलेल्या प्रसंगात काही टीमना एका बाहेरच्या तज्ज्ञाची कुचकट शेरेबाजी ऐकावी लागली. फार काही नाही, साधी उद्धट वाक्यं. त्या टीमचं निदान आणि हातचं काम दोन्ही घसरलं. एकमेकांना माहिती देणं आणि मदत मागणं कमी झालं होतं, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. माणसं हुशारच होती, त्यांनी फक्त बोलणं आवरतं घेतलं.

राग तर एकदम येतो. तो आधी ओळखणार कसा?

एकदम येतो असं वाटतं, कारण आपलं लक्ष आवाज चढल्यावरच जातं. शून्य ते दहा अशी पट्टी धरा. बहुतेकांना आपला राग सातच्या वर गेल्यावर कळतो, आणि तिथे निवड फारशी उरलेली नसते. तीन-चारवर असताना ती उरलेली असते. म्हणजे शिकायचं ते तीन-चारचा आकडा ओळखायला. सात आवरायला शिकणं वेगळं, आणि त्यात मला कधीच धड यश आलं नाही.

गंमत अशी की चारवर असताना "मला राग आलाय" असं मनात येतच नाही. त्या वेळी आपण स्वतःला "घाईत" किंवा "फोकस्ड" म्हणवून घेत असतो. त्यामुळे भावना शोधत बसू नका, वागणं पाहा. वागणं लपत नाही. माझ्या चार खुणा अशा निघाल्या: जबडा आवळला जातो, समोरच्याचं वाक्य मी पूर्ण करून टाकतो, चॅटवर माझी उत्तरं एका शब्दाची होतात, आणि बोलण्यात "साधी गोष्ट आहे" हे शब्द यायला लागतात. शेवटची खूण सगळ्यात भरवशाची. "साधी गोष्ट आहे" म्हटलं की समजायचं, मी पाचवर आलो.

तुमच्या खुणा वेगळ्या असतील. कुणाचा आवाज उलट बारीक होतो. कुणी "तुम्ही लोक" म्हणायला लागतं. कुणाच्या मनात "नेहमी" आणि "कधीच" हे शब्द येतात, "हा नेहमी असंच करतो" वगैरे. घरच्या माणसाला किंवा बरोबरीच्या सहकाऱ्याला विचारा, "मी भडकायच्या आधी कसा दिसतो?" उत्तर इतक्या पटकन येतं की जरा ओशाळायलाच होतं.

नोंद ठेवायची म्हणजे नेमकं काय लिहायचं?

किती वाजले, नेमकं काय घडलं, शरीरात काय जाणवलं, मनात कोणतं वाक्य आलं, शून्य ते दहातला आकडा, आणि त्याआधीच्या तासाभरात काय चाललं होतं. एका प्रसंगाला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत. तीन आठवडे पुरे. फक्त मोठे स्फोट लिहू नका, दोन-तीनवरची किरकोळ चिडचिडही लिहा. तीच जास्त शिकवते.

"काय घडलं" इथे कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच लिहायचं. "तिने उशिरा आणि निष्काळजीपणे सांगितलं" हा निकाल झाला. "६:४० ला तिने इश्यू सांगितला" ही घटना. माझ्या पहिल्या आठवड्याच्या नोंदी आज वाचल्या तर टीमवरचं आरोपपत्र वाटतं. तुमचंही तसं होत असेल तर नोंद उलटं काम करतेय, राग पुन्हा पुन्हा तापवतेय असं समजा.

सगळ्यात कामाला आला तो शेवटचा मुद्दा, आधीचा तास. त्या गुरुवारी ६:१० ला माझ्या वरिष्ठांचा फोन आला होता आणि त्यांनी तारीख पुढे ढकलायला साफ नकार दिला होता. दुपारी मी जेवलो नव्हतो. टेस्टिंगवाली सहकारी बोलली तेव्हा मी आधीच पाच-सहावर होतो, तिने फक्त शेवटचा एक आकडा वाढवला. तीन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्यावर लक्षात आलं की माझे निम्म्याहून जास्त प्रसंग वरून आलेल्या फोननंतरच्या तासाभरातले होते. आधीच्या प्रसंगाने चढलेलं शरीर पुढच्या प्रसंगाचा राग वाढवतं, ही मानसशास्त्रात चांगली ओळखीची गोष्ट आहे. आपल्याला मात्र सगळा राग समोरच्या माणसामुळेच आला असं प्रामाणिकपणे वाटत असतं.

बरं, आकडा चारवर आहे हे कळलं. आता?

आता काय करायचं ते त्या क्षणी ठरवायला जाऊ नका, आधीच ठरवून ठेवा. पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाने "जर अमुक झालं, तर मी तमुक करीन" अशा नेमक्या योजनांचा बराच अभ्यास केलाय. "मी शांत राहीन" या नुसत्या निश्चयापेक्षा अशी योजना जास्त पाळली जाते, कारण ती एका ठरावीक खुणेला बांधलेली असते. माझ्या योजना तीनच आहेत.

जर वरिष्ठांचा फोन झाला, तर पुढची दहा मिनिटं मी कुठल्याही कॉलवर जाणार नाही.

जर "साधी गोष्ट आहे" तोंडून निघालं, तर पुढचं वाक्य प्रश्नच असेल, आणि तो प्रश्न "का" ने सुरू होणार नाही. "का सांगितलं नाहीस?" हा प्रश्न नसतोच, आरोप असतो. "कधी दिसलं?", "किती ठिकाणी दिसतंय?" हे खरे प्रश्न.

जर आकडा सातवर गेला, तर मी बोलणार नाही, बाहेर पडणार. पण परत येण्याची वेळ सांगूनच. "मला वीस मिनिटं द्या, सात वाजता परत येतो. तोवर जे दिसलंय त्याचे स्क्रीनशॉट टाकून ठेव."

ही वेळ सांगणं फार महत्त्वाचं. न सांगता कॉल सोडलात तर मागे उरलेल्यांना ती शिक्षाच वाटते आणि पुढचा अर्धा तास सगळे तुमचा मूड कसा असेल याचेच अंदाज बांधत बसतात. वीस मिनिटं म्हटलं कारण सातवर गेलेलं शरीर दोन मिनिटांत खाली येत नाही. त्या वेळात मनातल्या मनात वादाची तालीम केलीत तर वीस मिनिटांनी तुम्ही आठवर परत याल. सावकाश श्वास घ्या, मिनिटाला साधारण सहा, आणि बाहेर सोडताना जास्त वेळ घ्या. किंवा हळू चाला. किंवा भांडी घासा, घरून काम करत असाल तर. मी घासतो.

त्यापेक्षा राग एकदाचा काढून टाकला तर? व्यायाम, पळणं, उशीवर बुक्क्या?

नाही. वाफ काढली की प्रेशर उतरतं ही कुकरची गोष्ट झाली, माणसाची नव्हे. २०२४ साली सोफी क्याएर्विक आणि ब्रॅड बुशमन यांनी १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. शरीराची उत्तेजना खाली आणणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे श्वास, शिथिलीकरण, ध्यान अशांनी राग कमी झाला. उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत झाला नाही, आणि पळण्याने तर वाढला. पळणं तब्येतीला उत्तमच आहे, फक्त भडकल्यावर पळून येऊन लगेच कॉलवर बसू नका.

मग गिळून टाकायचा का? वरवर शांत दिसलं की झालं?

हा माझा दुसरा टप्पा होता आणि तो पहिल्यापेक्षा फसवा. ओरडणं बंद केलं, आणि त्या जागी आलं बर्फासारखं थंड बोलणं. "ठीक आहे. पाहू. नोंद घेतली." मला वाटत होतं मी सुधारलो. टीम आणखी दबकून वागायला लागली, कारण ओरडणारा माणूस निदान कळतो तरी.

भावना आत आली आहे पण चेहऱ्यावर येऊ द्यायची नाही, असं ठरवलं की शरीर शांत होत नाही. आत तापलेलंच राहतं. त्यातून एका प्रयोगात असंही दिसलंय की दोघांच्या संभाषणात एकाने भावना दाबून धरल्या तर समोरच्याचाही रक्तदाब वाढतो. म्हणजे आपण लपवतो असं आपल्यालाच वाटत असतं. गिळण्यापेक्षा साध्या शब्दांत सांगून टाकणं बरं. "मला आत्ता ताण आलाय, तो तारखेचा आहे, तुझा नाही. सांग, पूर्ण ऐकतो." एवढं वाक्य पाठ करायला मला दोन महिने लागले, आणि म्हणायला चार सेकंद लागतात.

भडकून झालंय. पहिल्या तासात काय करावं?

थोडंच. कॉल चालू असेल आणि तुम्ही सावरला असाल तर तिथेच म्हणा, "माझा आवाज चढला, ते चुकलं. तू सांगत होतीस ते पूर्ण सांग." आणि मग खरंच गप्प बसा. तिथल्या तिथे सुधारलेल्या वाक्याला नंतरच्या मोठ्या माफीची सर येत नाही, पण त्याने निदान थांबलेली माहिती पुन्हा वाहती होते.

सावरला नसाल तर काहीच पाठवू नका. रात्री साडेदहाला "सॉरी यार, आज जरा जास्तच झालं" असा मेसेज पाठवला की तो तुमचं मन हलकं करतो आणि समोरच्याची रात्र घालवतो. आता याला काय उत्तर द्यायचं? अंगठा पाठवावा की "इट्स ओके सर"? दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत, समोरासमोर किंवा निदान व्हिडिओवर बोला.

माफी कशी मागायची? मी मागतो तेव्हा वातावरण आणखी अवघडतं.

कारण आपण माफीच्या नावाखाली सहसा सारवासारव करतो. त्या टेस्टिंगवाल्या सहकारीची मी मागितलेली पहिली माफी मला शब्दशः आठवते, "त्या गुरुवारी तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. तुला माहितीये ना, किती प्रेशर होतं. माझ्या मनात काही नसतं." यात तीन गोष्टी बिघडल्या आहेत. "वाटलं असेल तर" म्हटल्याने दोष तिच्या वाटण्यावर गेला. प्रेशरचा दाखला देऊन मी निर्दोष सुटलो. आणि "मनात काही नसतं" याचा तिला काय उपयोग? ओरडणं तर तोंडातून आलं होतं.

२०१६ साली रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माफीचे सहा भाग करून त्यातला कुठला लोकांना किती पटतो हे तपासलं: खेद, स्पष्टीकरण, जबाबदारीची कबुली, पुन्हा न करण्याचा निश्चय, भरपाईची तयारी आणि क्षमेची याचना. सगळ्यात वजनदार ठरली ती जबाबदारीची कबुली, तिच्यामागोमाग भरपाई. सगळ्यात हलकी ठरली क्षमेची याचना. आपण नेमकं उलट करतो. कबुली गाळतो आणि "सोडून दे ना आता" यावर जोर देतो.

दुसऱ्या खेपेला, समुपदेशकाबरोबर तयारी करून, मी तिला हे म्हणालो:

"त्या गुरुवारी सगळ्यांसमोर मी तुझं वाक्य तोडलं आणि दोन दिवस काय करत होतीस असं विचारलं. तू इश्यू दिसल्यावर सांगत होतीस, म्हणजे तुझं काम करत होतीस. माझं वागणं चुकीचं होतं. सगळ्यांसमोर झालं, तर मी सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तसं म्हणणार आहे, तुझी हरकत नसेल तर. आणि इथून पुढे कुणी इश्यू सांगत असेल तर त्याचं सांगून होईपर्यंत मी बोलणार नाही. यावर तुला आत्ता काही म्हणायची गरज नाही."

शेवटचं वाक्य शोभेचं नाही. तिचं मूल्यमापन माझ्या हातात आहे. मी "माफ केलंस ना?" असं विचारलं तर ती "नाही" कशी म्हणणार? वरच्या माणसाने मागितलेल्या क्षमेला नकार देता येत नाही, म्हणून ती मागूच नये.

आणखी एक. खूप जास्त माफी मागणंही बिघडवतं. मी फार वाईट माणूस आहे, मला रात्री झोप लागली नाही, असं सुरू केलंत की समोरची व्यक्ती तुमचीच समजूत काढायला लागते. दोन मिनिटांत संपवा.

सगळ्यांसमोर कबूल केल्याने लीडरचा वचक जात नाही का?

वचक गेला तर बरंच, पण तुम्ही विचारताय ते अधिकाराबद्दल. तो जात नाही. ज्या प्रसंगाला आणखी पाच जण साक्षीदार होते त्याची एकांतातली माफी त्या पाचांपर्यंत पोचत नाही, आणि डेटा पुसल्याचं लपवलं होतं ते त्या पाचांतल्याच एकाने. फक्त आधी त्या व्यक्तीला विचारा. काहींना सगळ्यांसमोर पुन्हा तो विषय निघणंच नको असतं. तिने "माझं नाव नको" असं सांगितलं, म्हणून मी मीटिंगमध्ये फक्त माझं वागणं आणि नवा नियम सांगितला. तीन वाक्यं, मग लगेच अजेंडा.

पण चूक खरंच त्यांची होती तर?

तरीही माफीत ती आणू नका. "मी ओरडायला नको होतं, पण तूही वेळेवर सांगायला हवं होतंस" या वाक्यात "पण" च्या आधीचं सगळं वाया जातं. कामाचं बोलणं वेगळ्या दिवशी, वेगळ्या बैठकीत करा. ते टाळायचं मात्र नाही. अपराधी वाटून चुकांकडे डोळेझाक करणारा लीडर मी पाहिलाय, आणि एक महिना मी स्वतः तसा होतो. त्याने टीममधले नीट काम करणारे वैतागतात.

माझ्या प्रसंगात मी त्या माफीनंतर दोन दिवसांनी विचारलं, "इश्यू पहिल्यांदा कधी दिसला होता?" उत्तर आलं, दुपारी तीनला. मग ६:४० पर्यंत? "तुम्हाला सांगायचं तर पक्का पुरावा हवा, म्हणून तीनदा चालवून बघितलं." म्हणजे जिला मी उशिराबद्दल झापलं, तिला उशीर माझ्याच आधीच्या झापण्यांमुळे झाला होता. हे उत्तर मला त्या गुरुवारी कधीच मिळालं नसतं.

रागावलो नाही तर कडक कसा राहू?

कडकपणा मजकुरात ठेवा, आवाजात नको. "शुक्रवारी द्यायचं होतं, सोमवारी आलं, ग्राहकाचा एक दिवस गेला. पुढच्या वेळी उशीर होणार असं कळताच त्याच दिवशी मला सांगायचं. हे जमायला काय लागेल?" हे पुरेसं कडक आहे. ओरडून सांगितलेल्या सूचनेतला ऐकणाऱ्याला आठवतो तो सूर, सूचना आठवत नाही.

"ठीक आहे सर" म्हणाले सगळे. मग झालं का सगळं नीट?

ते कळायला हसरे चेहरे बघू नका, बातमीचं वय बघा. कुणी अडचण सांगितली की शांतपणे विचारायचं, "कधी लक्षात आलं?" आणि स्वतःच्या वहीत तेवढंच लिहायचं, किती तासांची बातमी. उत्तरावर एक शब्दही टीका करायची नाही, नाहीतर पुढचं उत्तर खोटं येईल. त्या डेटाच्या प्रसंगाच्या आसपास माझ्याकडे येणाऱ्या बातम्या दीड-दोन दिवस शिळ्या असायच्या.

सुरुवातीला अडचणी वाढल्यासारख्या वाटतील, आणि तिथे बिचकायचं नाही. एमी एडमंडसन या संशोधिकेला १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधांच्या चुका मोजताना असंच कोडं पडलं होतं. चांगल्या चालणाऱ्या विभागांत जास्त चुका नोंदलेल्या दिसल्या. त्या विभागांत चुकांबद्दल मोकळेपणाने बोललं जात होतं, म्हणून त्या आकड्यांत दिसत होत्या.

टीममधल्या कुणाला सांगून ठेवू का, मी चढायला लागलो की खूण कर म्हणून?

ज्युनिअरला नको. तुमचा राग सांभाळायची नोकरी त्याच्यावर लादू नका. बरोबरीच्या लीडरला सांगा. माझा एक सहकारी कॉलवर असला की चॅटवर फक्त "पाणी" असं लिहितो.

इतकं करून पुन्हा भडकलो तर?

भडकाल. म्हणून "पुन्हा कधीच होणार नाही" असं वचन मुळात देऊच नका. मोडलं की आधीची माफीही खोटी ठरते. पाळलं की मोडलं हे समोरच्याला तपासता येईल असं काही द्या, "सांगून होईपर्यंत मध्ये बोलणार नाही" यासारखं. मोडलंत तर त्याच दिवशी त्याच माणसांसमोर म्हणा, "मी मध्ये बोललो, ठरलं होतं तसं केलं नाही. पुढे सांग." आणि वहीत पाहा, आधीच्या तासात काय झालं होतं. दर महिन्याला त्याच कारणाने भडकत असाल, उदाहरणार्थ पाच जणांचं काम तिघांत करायचं म्हणून, तर श्वासोच्छ्वासाने ते सुटणार नाही. ते वर जाऊन भांडण्याचं प्रकरण आहे, आणि तिथे तुमचा राग लेखी आकड्यांच्या रूपात उपयोगी पडेल.

समुपदेशकाकडे कधी जावं?

वस्तू आपटल्या जात असतील, धमकीची भाषा येत असेल, घरीही तेच होत असेल, दारू वाढली असेल, किंवा झोप उडून आठवडेच्या आठवडे चिडचिड चालली असेल, तर वाट पाहू नका. सततची चिडचिड हे कधीकधी नैराश्याचं रूप असतं आणि ते बाहेरून रागासारखंच दिसतं. आणि तुमच्याविरुद्ध कुणी रीतसर तक्रार केली असेल तर त्या व्यक्तीला गाठून माफी मागायला जाऊ नका. तो दबाव ठरतो. प्रक्रिया चालू द्या.

किती दिवसांत फरक पडतो?

स्वतःच्या खुणा ओळखायला मला तीन-चार आठवडे लागले. टीमला विश्वास बसायला बराच जास्त वेळ लागला, आणि तो वेळ कमी करायचा मार्ग मला सापडलेला नाही. डेटा पुसल्याचं लपवणारा डेव्हलपर पुढे दुसऱ्या टीममध्ये गेला, माझ्यामुळे की नाही हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

नवव्या आठवड्यात, पुन्हा एका रिलीजच्या आदल्या संध्याकाळी, तीच टेस्टिंगवाली सहकारी कॉलवर म्हणाली, "अजून खात्री नाहीये, पण लॉगिनला काहीतरी विचित्र दिसतंय." पुरावा नाही, स्क्रीनशॉट नाही. माझा जबडा आवळला गेला. मी विचारलं, "कधी दिसलं?"

"आत्ताच. दहा मिनिटं झाली असतील."

तो इश्यू नव्हताच, तिच्या मशीनची सेटिंग चुकली होती. वहीत मी "१० मिनिटं" लिहून ठेवलं.